बॅगा सांभाळायच्या धंद्यासाठी गाळा घेऊ का? एका कंडक्टरदादांना उत्तर

ताई, मी ११ वर्षं बसमध्ये कंडक्टर आहे. शेवटच्या स्टॉपला उतरताना रोज ५-६ जण तरी विचारतात की दिवसभराचं काम आहे, मोठी बॅग कुठे ठेवता येईल का. स्टँडवर तशी सोयच नाही. दिवसाला ६० गाड्या येतात, म्हणजे ३०० गिऱ्हाईक कुठे गेलं नाही. समोर १० बाय १२ चा गाळा मिळतोय, भाडं माझ्या पगाराच्या तिसऱ्या हिश्शाएवढं, ६ महिन्यांचं डिपॉझिट, ३ वर्षांचा करार. मी जो दर धरलाय त्यात ५०० बॅगा झाल्या की एक पगार निघतो. शिल्लक ९ पगारांएवढी आहे, जुनं एक लोन चालू आहे. नोकरी सोडून पूर्ण वेळ हेच करू, का अजून लोन काढून माणूस ठेवू? गाळेवाल्याला १५ दिवसांत सांगायचंय. बायको नको म्हणतेय.

दादा, गाळा आत्ता घेऊ नका, नोकरी तर अजिबात सोडू नका, पण धंदा मात्र सोडून देऊ नका. असं का म्हणतेय ते सांगायला मला तुमच्याच लाइनीतल्या एका माणसाची गोष्ट सांगावी लागेल. माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एक कंडक्टर आले होते, तुमच्यासारखाच प्रश्न घेऊन, फक्त त्यांचा स्टँड थोडा लहान, दिवसाला ४८ गाड्यांचा. नाव सांगत नाही, गोष्ट सांगू का म्हणून विचारलं तर सांगा म्हणाले.

त्यांची ड्युटी सकाळच्या गाडीवर असायची, पावणेदहाला शेवटच्या स्टॉपला, आणि तीच गाडी घेऊन संध्याकाळी परत. एका सकाळी गाडीतून एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची मुलगी उतरले, मुलीचा इंटरव्ह्यू होता, आणि पुढे दोन दिवस नातेवाइकांकडे राहायचं असल्यामुळे बरोबर एक भलीमोठी बॅग. वडील स्टँडवरच्या बाकड्यावर बसले, मुलगी गेली. संध्याकाळी हे परतीच्या गाडीसाठी स्टँडवर आले तर म्हातारबाबा त्याच बाकड्यावर, त्याच जागी, पाय बॅगेवर ठेवून. यांनी सहज विचारलं, तर कळलं की ते सात तास तिथेच होते, मधे दोनदा शेजारच्याला बॅग बघायला सांगून लघवीला जाऊन आले तेवढंच. आणि मुख्य म्हणजे ते आलेच होते बॅग सांभाळायला, मुलीला एकटीने प्रवास करायला काहीच अडचण नव्हती.

आता यात बघा काय आहे. तोपर्यंत ते कंडक्टर सुद्धा तुमच्यासारखंच "लोकांना बॅग ठेवायला जागा पाहिजे" असं धरून चालले होते. त्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की बॅगेसाठी एक अख्खं जादाचं तिकीट फाटलंय, जाताना एक आणि येताना एक, आणि वर एका माणसाचा दिवस गेलाय. म्हणजे गिऱ्हाईक तुमचा दर कशाशी लावून बघणार, तर त्या जादा तिकिटाशी, नाहीतर दिवसभर ओझं ओढत फिरण्याच्या त्रासाशी. ज्याला स्टँडजवळच एक तासाचं काम आहे तो बॅग ओढत जाईल, तो तुमचं गिऱ्हाईकच नाही. ज्याला चार-पाच तास लागणारेत, जिथे जायचंय तिथे बॅग आत घेऊ देत नाहीत, आणि बरोबर दुसरं कोणी नाही, तो पैसे देईल. विचारणारे सगळे पण देणारे थोडे, ही फट इथेच पडते.

तर ते माझ्याकडे आले तेव्हा त्यांचाही हिशोब असाच, माझ्या गाडीत ५, गाड्या ४८, म्हणजे २४०. मी त्यांना म्हटलं आधी महिनाभर वही ठेवा. खिशातली छोटी वही, प्रत्येक फेरीला दोनच खुणा, मोठी बॅग घेऊन उतरले किती आणि त्यातल्या किती जणांनी आपणहून विचारलं. "पैसे घेतले तर ठेवाल का" असं विचारायचं नाही हे मी मुद्दाम सांगितलं, कारण त्याला सगळे हो म्हणतात, फुकटच्या हो ला किंमत नसते. वेगवेगळ्या वेळेच्या गाड्यांवरच्या तीन मित्रांना पण त्यांनी तशाच वह्या दिल्या. (त्यातल्या एकाने दुसऱ्याच आठवड्यात वही हरवली, चालायचंच.)

महिन्याने वह्या उघडल्या तर चित्र एकदम स्वच्छ. सकाळी आठ ते अकराच्या मधे येणाऱ्या गाड्या १२, त्यात सरासरी ४ जण विचारतायत, म्हणजे ४८. दुपारच्या गाड्यांत एखाद-दुसरा. संध्याकाळनंतरच्या गाड्यांत शून्य, कारण संध्याकाळी उतरणारा माणूस घरीच चाललेला असतो, त्याला बॅग ठेवून काय करायचंय. त्यांची स्वतःची गाडी नेमकी सगळ्यात चांगल्या वेळेची होती आणि त्यांनी तिलाच ४८ ने गुणलं होतं. तुमची ड्युटी कोणत्या वेळेची आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण रोज ५-६ जण विचारतायत त्यावरून सकाळचीच असणार असं मला वाटतं. ते ३०० डोक्यातून काढून टाका.

आणि हे ४८ म्हणजे सुद्धा नुसते विचारणारे. त्यातले प्रत्यक्षात बॅग ठेवणारे किती निघाले ते पुढे येतं.

गाळा त्यांनाही मिळत होता पण त्यांनी घेतला नाही. स्टँडच्या बाहेर पडायच्या वाटेवर एक झेरॉक्सवाला होता, त्याच्या दुकानामागे एक खोली रिकामी पडून, जुने कागदाचे खोके भरलेली. त्याच्याशी बोलणं असं झालं की भाडं काही नाही, पण प्रत्येक बॅगेमागे तिसरा हिस्सा झेरॉक्सवाल्याचा, खोली त्याची आणि बॅगा घ्यायचं-द्यायचं काम त्याच्या पोऱ्याने करायचं. रॅक, टॅग, बोर्ड यांचा खर्च आमच्या कंडक्टरचा. मला विचाराल तर हा सौदा म्हणजेच त्या धंद्यातला सगळ्यात शहाणा निर्णय होता. एकही बॅग आली नाही तर एकही पैसा द्यायचा नाही, तर गाळ्याचं भाडं हे बॅग येवो न येवो, एक तारखेला उभं राहतं.

रॅक तीन कप्प्यांचे, लोखंडी, सेकंडहँड. जागा २४ बॅगांची. टॅग दोन तुकड्यांचे, नंबर छापलेले, एक बॅगेला आणि एक माणसाला. आणि इथे त्यांची कंडक्टरकी कामी आली. रोज सकाळी पहिल्या टॅगचा नंबर लिहायचा, रात्री शेवटचा लिहायचा, दोघांतला फरक गुणिले दर बरोबर गल्ल्यातली रक्कम. हे त्यांना कोणी शिकवायला लागलं नाही, रोजच्या तिकिटांच्या हिशोबाचं वेबिल भरून भरून हात बसलेला. मी कितीतरी छोटे धंदे बघितलेत जे या एका गोष्टीसाठी बुडाले की रोज रात्री हिशोब मिटत नव्हता, आणि यांच्याकडे ते पहिल्या दिवसापासून होतं.

पहिल्या महिन्यात सरासरी पडली दिवसाला ११ बॅगा. ४८ विचारणारे, ११ ठेवणारे, म्हणजे चारात एकापेक्षाही कमी. आणि ही सरासरी हं, सोमवारी १९, रविवारी ४ असं वरखाली. तुमच्या-आमच्या सोयीसाठी सगळा हिशोब बॅगांतच करू, तुम्ही जसं ५०० बॅगा म्हणजे एक पगार म्हणालात तसंच जवळपास त्यांचंही होतं. ११ गुणिले ३० म्हणजे ३३० बॅगा. त्यातल्या ११० झेरॉक्सवाल्याच्या, टॅग आणि किरकोळ खर्चाच्या १५, आणि नुकसानभरपाईसाठी बाजूला काढलेल्या २५. उरल्या १८०. म्हणजे पगाराच्या ३६ टक्के, नोकरी चालू असताना, कर्ज न काढता. पहिल्याच महिन्यात. वाईट अजिबात नाही, पण पगार सोडून देण्याएवढं पण नाही, बरोबर?

आता काय काय बिघडलं ते सांगते, कारण तुमच्याकडेही तेच बिघडणार.

तिसऱ्या महिन्यात एकाने टॅग हरवला आणि "ती काळी ट्रॉली बॅग माझी" म्हणाला, पोऱ्याने दिली. रॅकमधे काळ्या ट्रॉली बॅगा दोन होत्या, दिसायला सारख्या. खरा मालक आला तेव्हा त्याला दुसऱ्याची बॅग समोर. रात्रभर फोनाफोनी, नशिबाने दुसऱ्या दिवशी बॅगा अदलाबदल झाल्या, पण त्या माणसाची राहायची सोय, परतीचं तिकीट आणि मनस्ताप असं मिळून ४० बॅगांच्या भाड्याएवढी भरपाई गेली. बाजूला काढलेले पैसे होते म्हणून ती घरखर्चातून द्यावी लागली नाही. त्यानंतर नियम केला, बॅग घेताना टॅग दिसेल असा फोटो काढायचा, माणसाचा फोन नंबर लिहायचा, आणि टॅग हरवला असेल तर ओळखपत्र बघायचं, बॅगेत काय आहे ते विचारायचं आणि त्याच्यासमोर उघडून खात्री करायची. गर्दीच्या वेळी हे नकोसं वाटतं, पोऱ्या कंटाळतो, पण यात सूट दिली की धंदा संपला.

इथे एक गैरसमज बऱ्याच जणांचा असतो की "सामानाची जबाबदारी मालकाची राहील" अशी पाटी लावली की आपण सुटलो. तुम्ही पैसे घेऊन दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेतली की वाजवी काळजी घ्यायची जबाबदारी तुमच्यावर येतेच, आणि निष्काळजीपणा तुमचा असेल तर नुसत्या पाटीवर भरवसा ठेवता येत नाही. पाटीपेक्षा टॅगवर स्पष्ट लिहा की जास्तीत जास्त भरपाई किती, आणि रोकड, दागिने, लॅपटॉप, गॅस, केमिकल असलं काही घेणार नाही. बॅग घेताना समोर उघडून बघायची. जो उघडू देत नाही त्याची बॅग घ्यायची नाही, मग तो कितीही घाईत असो. स्टँडजवळ बेवारस बॅग हा पोलिसांच्या दृष्टीने गंभीर विषय असतो, त्यामुळे सुरू करायच्या आधी पोलिस ठाण्यात जाऊन परवानगी लागते का, रजिस्टर कसं ठेवायचं, कोणी न नेलेल्या बॅगेचं काय करायचं हे लेखी विचारून घ्या. आमच्या कंडक्टरने हे केलं होतं आणि नंतर एकदा खरंच एक बॅग चार दिवस कोणी न्यायला आलं नाही तेव्हा त्याचा उपयोग झाला. (परीक्षेला आलेला मुलगा, निकाल बघून थेट घरी निघून गेला होता, बॅग विसरून!)

दुसरी गडबड जास्त मजेशीर. पाचव्या महिन्यात टॅग आणि पैसे रोज जुळत होते, एक पै कमी नाही, तरी आमच्या कंडक्टरला वास येत होता, कारण खोली भरलेली दिसायची आणि टॅग कमी फाटायचे. मग त्यांनी काय केलं, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी सकाळी अकराला न सांगता गेले आणि रॅकवरच्या बॅगा मोजल्या. बॅगा १७, चालू टॅग १३. म्हणजे पोऱ्या चार बॅगा बिनटॅगच्या घेऊन पैसे खिशात टाकत होता. हे त्यांनी कुठून आणलं ते तुम्हाला सांगायला नको, मधेच गाडीत चढून आधी डोकी मोजायची आणि मग तिकिटं, तुमचं चेकिंग असंच चालतं ना. टॅग आणि पैसे जुळले म्हणजे चोरी नाही असं नसतं, तिसरा आकडा स्वतः डोळ्यांनी मोजावा लागतो. पोऱ्याला काढलं नाही त्यांनी, प्रत्येक बॅगेमागे त्याला थोडा हिस्सा लावून दिला आणि महिन्यातून तीन-चारदा अचानक मोजणी सुरू ठेवली. पुढे मोजणीत तफावत आली नाही म्हणाले.

तिसरी गोष्ट ही बिघाड नाही, मर्यादा आहे, आणि तुमच्या गाळ्याच्या निर्णयाची किल्ली हीच आहे म्हणून जरा सावकाश वाचा. एके दिवशी मोठी परीक्षा होती, ६० जण आले बॅग घेऊन. जागा २४. छत्तीस जणांना परत पाठवलं. तेव्हा ते मला म्हणाले की मॅडम मोठी जागा पाहिजे. मी म्हटलं एक दिवस नका बघू, तुमचं वेळेचं गणित बघा. सगळ्या बॅगा येतात आठ ते अकरात आणि जातात तीन ते सहात. म्हणजे एका कप्प्यात दिवसाला एकच बॅग बसते. सलूनमधल्या खुर्चीवर दिवसभरात दहा जण बसून जातात, तसं इथे होत नाही. २४ जागा म्हणजे २४ भाडी, फार तर दुपारच्या दोन-तीन वर.

आता तुमचा १० बाय १२ चा गाळा घ्या. दाराची भिंत सोडली तर तीन भिंती मिळून ३४ फूट. मोठ्या बॅगेला दीड फूट रुंदी धरली आणि कोपरे वाया जातात ते सोडले तर एका ओळीत २० बॅगा, तीन ओळींत ६०. पण वरच्या ओळीत जड बॅगा चढवता येत नाहीत, चढवल्या तर एखाद दिवस कोणाच्या तरी डोक्यात पडेल. म्हणून खरी जागा ४५ च्या आसपास धरा. तुमच्या गाळ्याची कमाईची कमाल मर्यादा ही आहे, दिवसाला ४५ बॅगा, स्टँडवर ६० गाड्या येवोत का ६००.

नोकरी सोडलीत तर महिन्याला किती बॅगा लागतील बघू. भाडं १६७. वीज, फोन, टॅग, किरकोळ ३५. नुकसानभरपाईसाठी २५. सकाळी सहा ते रात्री नऊ उघडं ठेवायचं म्हणजे एकट्याने जमणार नाही, अर्धा दिवस माणूस लागेल, त्याला तुमच्या पगाराच्या ४० टक्के धरले तर २००. तुमचा स्वतःचा पगार ५००. आणि नोकरीत पगाराशिवाय जे मिळतं, फंडातला मालकाचा हिस्सा, भरपगारी रजा, दवाखान्याचा खर्च, ते सगळं आता तुमच्या खिशातून, त्याचे मी पगाराच्या पाचव्या हिश्शाने १०० धरले, तुमच्या पगारपत्रकावरून खरा आकडा काढा. बेरीज १०२७. भागिले ३० दिवस, म्हणजे रोज ३४ बॅगा. रविवार धरून, पावसाळा धरून, तुमच्या आजारपणाचे दिवस धरून. कमाल ४५ असलेल्या जागेत रोजची सरासरी ३४! सोमवारी ४५ झाल्या तरी रविवारच्या १० ची भरपाई करायला मंगळवार ते शनिवार रोज ३७ तरी लागतील. आणि एवढं करून तुम्ही पोचणार कुठे, तर आज जिथे आहात तिथेच, एका पगारावर. वर मिळालं काय, काही नाही, फक्त जोखीम. दादा, यासाठी नोकरी सोडायची नसते.

दुसरा पर्याय, नोकरी ठेवून माणूस ठेवायचा. पूर्ण दिवसाच्या माणसाचे ३०० धरले तर १६७ अधिक ३५ अधिक २५ अधिक ३००, म्हणजे ५२७, रोजच्या १८ बॅगांवर ना नफा ना तोटा. हे ऐकायला जमेल असं वाटतं. पण समजा सुरुवातीला आमच्या कंडक्टरसारख्या ११ च आल्या, तर रोज ७ कमी, महिन्याला २१० बॅगांचा खड्डा, म्हणजे जवळजवळ अर्धा पगार खिशातून. आता तुमच्या ९ पगारांच्या शिलकीकडे या. घरखर्च पगाराच्या ८० टक्के धरला तर सहा महिन्यांच्या आणीबाणीचे ५ पगार बाजूला, त्याला हात नाही लावायचा. राहिले ४. डिपॉझिटचे २ गेले, रॅक-बोर्ड-शटर-कॅमेरा यात १ गेला. उरला १. अर्ध्या पगाराचा खड्डा भरत तो दोन-अडीच महिने पुरेल. आणि इथेच तुम्ही म्हणताय ते दुसरं लोन येतं. जुन्या लोनचा हप्ता चालू असताना ज्याचं गिऱ्हाईक अजून एकदाही मोजलं नाही अशा धंद्यासाठी हप्ता घ्यायला मी माझ्या भावालाही हो म्हटलं नसतं. फंडातून काढायचा विचार असेल तर तोही नको, त्याचं कारण वेगळं लिहायला नको.

आणि करार. तुम्ही भाडं म्हणून महिन्याचा आकडा बघताय, मी ३६ महिन्यांचा बघते. तिसरा हिस्सा गुणिले ३६ म्हणजे १२ पगार. करारात मधेच सोडायची मुभा नसेल तर सही करताना तुम्ही १२ पगारांचं देणं अंगावर घेताय आणि शिल्लक आहे ९. उद्या स्टँडवाल्यांनी स्वतःच सामान ठेवायची खोली सुरू केली, किंवा स्टँडच हलवला, तरी भाडं चालूच. ही सोय आज स्टँडवर नाही म्हणून तुमचा धंदा आहे, हे विसरू नका. तुमचं चांगलं चाललेलं दिसलं की ती सोय करायला त्यांना एक खोली आणि एक माणूस पुरतो.

म्हणून माझं म्हणणं असं की तुमच्या स्टँडच्या बाहेरच्या वाटेवर ज्याच्याकडे मागची खोली किंवा रिकामा कोपरा आहे, जो सकाळी आठला उघडतो आणि ज्याच्याकडे एक माणूस कायम बसलेला असतो, असा दुकानदार शोधा. हिस्सा चौथा, तिसरा, अगदी अर्धा मागितला तरी सुरुवातीला चालेल. करार कागदावर करा, साधाच, त्यात बॅग हरवली तर भरपाई कोणी किती द्यायची हे आधी लिहा, कारण भांडण तिथेच होतं. २० बॅगांचा सेकंडहँड रॅक, टॅगची बुकं आणि बोर्ड मिळून अर्ध्या पगाराच्या आत बसवा. बुडाला तर अर्धा पगार बुडेल, घर बुडणार नाही.

पण त्याआधी ऑफिसचं बघा. तुमच्या नोकरीच्या नियमांत दुसरा व्यवसाय करायला मनाई असू शकते किंवा परवानगी लागत असेल, ती लेखी घ्या. बायकोच्या नावावर केलं म्हणजे आपोआप सुटलो असं काही नसतं, ड्युटीवर तुम्ही त्याची जाहिरात करताना सापडलात की प्रश्न येणारच. आमच्या कंडक्टरने परवानगी घेतली होती आणि तरीही गाडीत एकदाही स्वतःच्या धंद्याचं नाव काढलं नाही, कोणी विचारलं तर "बाहेर बोर्ड आहे बघा" एवढंच. बोर्ड उतरल्या उतरल्या दिसेल असा लावला होता, बास झालं तेवढं.

त्यांचं पुढे काय झालं ते सांगते. आठ महिन्यांनी सरासरी २२ वर आली, म्हणजे २४ ची खोली जवळजवळ रोज भरायला लागली आणि माणसं परत जायला लागली. त्याच सुमारास एक बाई आली, सकाळी दहाला बॅग ठेवायला, तिची गाडी रात्री दहाची. झेरॉक्सवाला आठला बंद करायचा. अशा रात्रीच्या गाडीवाल्यांना ते रोज नाही म्हणत होते, आणि हे कोणाच्याच वहीत आलं नव्हतं, कारण वह्या येणाऱ्या गाड्यांवर ठेवलेल्या, हे लोक सुटणाऱ्या गाड्यांचे. मग त्यांनी परत महिनाभर मोजलं, परत पाठवलेले किती, रात्रीचे किती, दोन्ही मिळून रोज ९. तेव्हा कुठे त्यांनी स्वतःची खोली भाड्याने घेतली, ११ महिन्यांचा करार, दोन महिन्यांच्या नोटिशीवर सोडायची मुभा, डिपॉझिट दोन महिन्यांचं, आणि तेही धंद्यातूनच साठलेल्या पैशातून. दोन माणसं ठेवली, एक दिवसाचा, एक संध्याकाळचा. ते स्वतः अजून कंडक्टरच आहेत, सकाळच्याच गाडीवर. सुट्टीच्या दिवशी जाऊन बॅगा मोजतात.

तुमच्या मिसेसना हा हिशोब दाखवा, मला वाटतं त्यांचं नको हे धंद्याला नाही, गाळ्याला आहे.

गाळेवाल्याला १५ दिवसांत सांगायचंय ना, तर त्याला सांगा की ११ महिने, दोन महिन्यांची नोटीस, दोन महिन्यांचं डिपॉझिट असेल तर सहा महिन्यांनी येतो, नाहीतर दुसऱ्याला द्या. त्याने दिला दुसऱ्याला तर देऊ दे. आणि उद्याच्या पहिल्या फेरीपासून वही सुरू करा, तुमच्या गाडीवर एक, दुपारच्या गाडीवर एक, आणि एक त्या रात्री सुटणाऱ्या गाडीच्या कंडक्टरकडे. चार आठवडे झाले की तिन्ही वह्यांचे आकडे मला पाठवा, तारीख-वारासकट, मग दर तुम्ही धरलाय तो बरोबर आहे का ते बघू, तिकिटाच्या मानाने मला तो जरा कमीच वाटतोय.